पहाटेचा व्यायाम आणि कार्ब्स: ऑफिसला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं एका ठरावीक वेळापत्रकासाठी आहेत. पाच-सव्वापाचला उठायचं, पावणेसहा ते पावणेसात व्यायाम करायचा, आठच्या आत घर सोडायचं आणि साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून काम. या दिनक्रमात कार्ब्स कधी आणि किती खायचे, एवढाच विषय. नुसतं ढोबळ बोलणं होऊ नये म्हणून एक उदाहरण सोबत ठेवू या. समजा, ठाण्यात राहणारा, बीकेसीत नोकरी करणारा, ६८ किलो वजनाचा एक जण आहे. आठवड्यात तीन दिवस जिम, एक दिवस वेगाचे इंटरव्हल आणि रविवारी लांब धाव, असा त्याचा क्रम. त्याला ‘ठाणेकर’ म्हणू.

उठल्या उठल्या रिकाम्या पोटी व्यायाम केला तर चालतो का?

निरोगी माणसाला बऱ्याच दिवशी चालतो. पाऊण तास ते तासाभराचा हलका-मध्यम व्यायाम असेल, म्हणजे भरभर चालणं, सावकाश धावणं, योगासनं, सूर्यनमस्कार किंवा साधं जिम, तर रात्रीच्या जेवणावर तो आरामात निभतो. अडचण तीन प्रसंगी येते. व्यायाम जोरकस असेल (इंटरव्हल, टेकडीवरची धाव, पायांचे जड सेट), तो सव्वा तासाच्या पुढे जाणार असेल, किंवा आदल्या रात्री जेवण नीट झालेलं नसेल. यातली एकही गोष्ट लागू असेल तर निघण्याआधी तोंडात काहीतरी टाकावं. दोन लागू असतील तर टाकावंच.

रात्रभर झोपूनच तर होतो. मग शरीरातली साखर जाते कुठे?

कार्ब्स शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठतात. स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम. लिव्हरचा साठा ही सोसायटीची सामाईक टाकी आहे आणि स्नायूंचा साठा ही प्रत्येक घरातली स्वतःची बादली. टाकीतलं पाणी सगळ्यांना जातं, बादलीतलं पाणी शेजाऱ्याला देता येत नाही. स्नायूंमधलं ग्लुकोज पुन्हा रक्तात सोडण्यासाठी जे एन्झाइम लागतं ते स्नायूंकडे नसतंच, लिव्हरकडे असतं.

झोपेत स्नायू स्वस्थ पडलेले असतात, म्हणून त्यांचा साठा जवळपास आहे तसा राहतो. मेंदू मात्र झोपत नाही. त्याला दिवसभरात साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम. रात्रीचं जेवण पचून झालं की हा पुरवठा लिव्हरलाच करावा लागतो. म्हणून पहाटे उठताना लिव्हरचा साठा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला असतो, आणि पाय मात्र भरलेले असतात.

पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात. पहाटे जे चार घास खायचे ते मुख्यतः लिव्हर आणि मेंदूसाठी. स्नायूंचं पोट आदल्या दिवशीच भरायचं असतं, कारण पहाटे खाल्लेलं अर्ध्या तासात स्नायूत जाऊन साठत नाही.

म्हणजे खरं महत्त्व रात्रीच्या जेवणाला?

हो. लोक पहाटे केळं खावं की खजूर यावर खूप विचार करतात आणि रात्री ‘हलकं’ म्हणून नुसतं सूप-सॅलड घेऊन झोपतात. नंतर सकाळी तिसऱ्या सेटलाच मांड्या का भरून येतात, याचं कोडं पडतं. सेटवर सेट घेत केलेल्या जिमच्या एका सत्रात, वापरलेल्या स्नायूंमधलं २५ ते ४० टक्के ग्लायकोजेन खर्ची पडू शकतं. ते परत भरायला पूर्ण दिवस लागतो आणि रात्रीचं जेवण हा त्या भरपाईतला शेवटचा मोठा हप्ता.

ठाणेकराचं साधं ताट बघा. दोन मध्यम पोळ्या म्हणजे ४० ग्रॅम कार्ब्स (तीसेक ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २०). एक वाटी शिजलेला भात ३० ते ३५. वाटीभर आमटी आणि भाजी मिळून २० ते २५. झाले ९५-१०० ग्रॅम. त्याच्या वजनाला आणि व्यायामाला हे ताट पुरेसं आहे. त्यात वेगळं काही मिळवायची गरज नाही, त्यातलं काही काढू नये एवढंच. पोळ्यांऐवजी ज्वारीची मोठी भाकरी असेल तरी हिशोब तोच येतो, कारण ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम कार्ब्स असतात.

वेळेचं म्हणाल तर साडेआठ-नऊला जेवण झालेलं बरं. लोकल चुकली, घरी यायला दहा वाजले, तर जेवण टाळू नका. तळलेलं आणि तुपकट तेवढं कमी करा आणि वरणभात किंवा मुगाची खिचडी खा. उशिरा जेवलेल्या माणसाच्या लिव्हरचा साठा पहाटे उलट जरा जास्तच शिल्लक असतो. त्रास होतो तो पोट जड असण्याचा आणि झोप कमी पडण्याचा.

उठल्यापासून व्यायामापर्यंत वीस-पंचवीस मिनिटंच मिळतात. त्यात काय खाऊ?

१५ ते ३० ग्रॅम कार्ब्स, ज्यात चोथा, तेल-तूप आणि प्रथिनं जवळजवळ नसावीत. तेल-तूप आणि चोथा पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात. एरवी तो गुण आहे, पण पहाटे पावणेसहाला दोरीवरच्या उड्या मारायच्या असतील तर तो त्रास ठरतो.

घरात सहज असणाऱ्या गोष्टींत हे असं बसतं. एक मध्यम मोठं केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम. वेलची केळी लहान असतात, एकात दहा-बारा ग्रॅम, म्हणून दोन खावीत. साधे लहान खजूर तीन-चार घेतले की २० ग्रॅमच्या आसपास होतात (मेजूल जातीचा मोठा खजूर मात्र एकटाच १५ ते १८ ग्रॅमचा असतो). मारी बिस्किटं चार-पाच घेतली तरी २० ग्रॅम. ब्रेडची एक स्लाइस आणि त्यावर चमचाभर जॅम किंवा मध, हेही तेवढंच. पाण्यात दोन चमचे गूळ किंवा साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलं की दहाएक ग्रॅम होतात. काहीच चावायची इच्छा नसेल तेव्हा हे सरबत चांगलं जातं.

ज्या गोष्टी ‘पौष्टिक’ म्हणून पहाटे खाल्ल्या जातात आणि नेमक्या त्या वेळी चुकीच्या ठरतात, त्याही सांगतो: मूठभर भिजवलेले बदाम, शेंगदाण्याची चिकी, तुपातला डिंकाचा लाडू, मोड आलेली मटकी. या सगळ्या उत्तम, पण व्यायाम झाल्यावर.

खाणं किती आधी, यासाठी एक ढोबळ हिशोब क्रीडा-आहारात वापरला जातो. व्यायामाला जितके तास उरलेत, वजनाच्या दर किलोमागे तितके ग्रॅम कार्ब्स. ठाणेकराकडे तास असेल तर ६५-७० ग्रॅम, म्हणजे भरपेट पोह्यांची डिश आणि वर केळं. पण त्यासाठी पावणेपाचला उठायचं असेल तर मी ती अर्ध्या तासाची झोप निवडेन. रोजच्या तासाभराच्या व्यायामासाठी झोप मोडून खाण्यात फायदा नाही.

केळं खाऊन अर्ध्या तासाने धावायला लागलो की पहिल्या दहा मिनिटांत गळून जातं. न खाता गेलो तर असं होत नाही. असं का?

हा भास नाही. कार्ब्स खाल्ले की रक्तातली साखर वाढते आणि तिच्यामागून इन्शुलिन वाढतं. साधारण ३० ते ४५ मिनिटांनी इन्शुलिन वर असतं. नेमकं त्याच वेळी तुम्ही धावायला लागता आणि आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता स्वतःच साखर ओढायला लागतात. दोन्हीकडून ओढ लागली की रक्तातली साखर पटकन खाली येते. बहुतेकांना ते कळतही नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत शरीर स्वतःच सावरतं. काही जणांना मात्र घाम, हात थरथरणं, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं असं होतं.

उपाय वेळेत आहे. खाणं आणखी उशिरा ढकला. व्यायामाला पाच-दहा मिनिटं असताना किंवा सरळ वॉर्म-अप करता करता खा. तोवर शरीर हालचालीत आलेलं असतं, आणि हालचालीत असताना शरीर इन्शुलिन फारसं वाढू देत नाही. दुसरा मार्ग म्हणजे खाणं तासभर आधी नेणं, पण पहाटे ते कुणाला जमत नाही. शिवाय पहिली पाच-सात मिनिटं संथ ठेवा. खाऊन लगेच पूर्ण वेगात सुटलं की ही घसरण जास्त जाणवते.

पहाटे घशाखाली काहीच उतरत नाही. जबरदस्तीने खाऊ का?

नको. जबरदस्तीने खाल्लेलं केळं अर्ध्या वाटेत वर येतं. आधी सरबत किंवा कोकम घोटघोट घेऊन बघा. पातळ पदार्थ बऱ्याच जणांना चालतात.

तेही नको वाटत असेल तर चूळ भरा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण यावर चांगलं काम झालेलं आहे. २००४ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलपटूंना तासाभराच्या वेगाच्या चाचणीत माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या कार्ब्सच्या पाण्याने फक्त चूळ भरायला दिली. पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. तरी त्यांची वेळ साधारण तीन टक्क्यांनी सुधारली. माल्टोडेक्स्ट्रिन गोड नसतं, म्हणून गोडव्याचा मोह म्हणूनही ते उडवून लावता येत नाही. तोंडात कार्ब्स आले हे मेंदूला कळतं आणि तो हातापायांना जास्त जोर लावू देतो. साखरेच्या पाण्याने पाच-दहा सेकंद चूळ भरून थुंकून टाकली तरी कल्पना तीच. मात्र याचा उपयोग जोरकस व्यायामाला, आणि तासाभराच्या आतल्याच. त्याने साठा भरत नाही, म्हणून रविवारच्या लांब धावेला चुळेवर विसंबू नये.

भूक नसण्याचं कारणही बघा. रात्री साडेदहाला जेवून पाचला उठणाऱ्याला भूक नसणं स्वाभाविक आहे, आणि त्याला पहाटे फारशी गरजही नसते.

चहा-कॉफीचं काय?

कपभर दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे दहा-बारा ग्रॅम कार्ब्स. म्हणजे ‘मी काही खात नाही, फक्त चहा घेतो’ म्हणणारा माणूस खरं तर थोडं खाऊनच निघालेला असतो. चहाने पोटात जळजळ होत नसेल तर चहा आणि दोन-तीन मारी बिस्किटं ही पहाटेची अगदी योग्य सोय आहे. काळी कॉफी चालते, पण त्यात कार्ब्स नसतात. तरतरी येते म्हणून इंधन भरलं असं समजू नये. कॉफीत तूप किंवा लोणी घालून पिणाऱ्यांनी ती व्यायामाच्या दिवशी तरी टाळावी. पोट जड होतं आणि जोराच्या कामाला त्यातून पटकन काही मिळत नाही.

व्यायाम चालू असताना काही घ्यावं का?

तासाभराच्या जिमला पाणी पुरे. सव्वा-दीड तासाच्या पुढच्या धावेला किंवा सायकलिंगला तासाला ३० ते ६० ग्रॅम, तेही अर्ध्या तासापासून थोडं थोडं. थकवा आल्यावर घ्यायला लागलात तर उशीर झालेला असतो.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत खाल्लं नाही तर मेहनत वाया जाते म्हणतात. खरं आहे का?

ऑफिसला जाणाऱ्याच्या बाबतीत नाही. या समजुतीमागे खरं संशोधन आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. १९८८ साली टेक्सासमध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की व्यायामानंतर लगेच कार्ब्स दिले तर पहिल्या दोन तासांत ग्लायकोजेन झपाट्याने भरतं आणि दोन तास उशीर केला तर तो वेग जवळपास निम्म्यावर येतो. इतकं वाचून लोक थांबले. १९९७ साली दुसऱ्या एका गटाने पुढचं मोजलं. दोन तास उशिरा खाल्लं तरी आठ तासांनी आणि चोवीस तासांनी स्नायूंतला साठा सारखाच भरलेला होता.

तुमचा पुढचा व्यायाम थेट उद्या पहाटे आहे. मध्ये तेवीस तास आहेत. आंघोळ, मुलांची शाळेची गडबड, लोकल, हे सगळं उरकून साडेनऊला खाल्लंत तरी साठा भरायला भरपूर वेळ उरतो. घाई खरोखर लागते ती त्याच दिवशी संध्याकाळी बॅडमिंटन किंवा क्रिकेटचा सामना असेल तेव्हा. मधलं अंतर आठ तासांच्या आसपास असेल तर पहिले चार तास, वजनाच्या किलोमागे दर तासाला एक ग्रॅमभर कार्ब्स घ्यावे लागतात. ठाणेकरासाठी म्हणजे तासाला ६८ ग्रॅम, म्हणजे सकाळभर सतत खात राहणं. रोजच्या दिवसाला एवढं अजिबात लागत नाही.

मग नाश्ता कधी आणि काय?

सोयीने, पण तासा-दोन तासांत. ग्लायकोजेनला घाई नसली तरी लिव्हर रात्रीपासून रिकामी होत आलेली असते, त्यात व्यायामाने आणखी खर्च झालेला असतो, आणि तुम्हाला आता डोक्याने काम करायचं असतं. व्यायाम झालेले स्नायू साखर सहज ओढून घेतात आणि हा परिणाम पुढे बराच काळ टिकतो. दिवसभर बसून राहणाऱ्याने कार्ब्सचा एक मोठा हप्ता इथे ठेवावा हे मला सगळ्यात पटतं. संध्याकाळी पाचला खुर्चीतल्या खुर्चीत फरसाण आणि गोड चहावर जे जातं, त्यापेक्षा तेच कार्ब्स सकाळी खाल्लेले बरे.

प्रमाण म्हणून वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम धरा आणि सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. ठाणेकराचा नाश्ता असा बसतो: ५०-६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे (साधारण ४० ते ४५ ग्रॅम कार्ब्स), दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध (त्यात दहा ग्रॅम), आणि मोसमातलं एखादं फळ. अंडी न खाणाऱ्याने पोह्यांबरोबर दही आणि पनीरचे तुकडे किंवा मुगाचं धिरडं घ्यावं. नुसते पोहे, नुसता उपमा, नुसतं जॅम-ब्रेड यात प्रथिनं फारच कमी पडतात आणि त्याचं फळ अकरा वाजता दिसतं.

घरी बसून खायला वेळ नसेल तर दोन हप्ते करा. आंघोळीनंतर ग्लासभर दूध आणि केळं उभ्या उभ्या, आणि डब्यातल्या दोन पोळ्यांचा अंड्याचा किंवा पनीरचा रोल ऑफिसात पोचल्यावर. गर्दीच्या लोकलमध्ये डबा उघडता येत नाही हे गृहीत धरूनच आखणी करावी.

अकरा वाजता डोळे मिटायला लागतात आणि भूकही प्रचंड लागते. कार्ब्स कमी पडतात की जास्त होतात?

सकाळचं सगळं मांडून बघा. बहुतेकांचं असं निघतं: पहाटे काही नाही, व्यायामानंतर चहा-बिस्कीट, ऑफिसात पोचल्यावर पुन्हा गोड चहा. थोडे थोडे साखरेचे कार्ब्स, प्रथिनं शून्य, चोथा शून्य. अशा वेळी कार्ब्स आणखी वाढवून उपयोग नाही, ते एकत्र आणून त्यांना सोबत द्यायला हवी. वर सांगितल्यासारखा पूर्ण नाश्ता आठवडाभर करून बघा. तरीही झोप येत असेल तर खाण्याकडे बोट दाखवायचं थांबवा आणि रात्री किती वाजता झोपता ते लिहून काढा. साडेअकराला झोपून पाचला उठणाऱ्याची झोप कोणत्याही नाश्त्याने भरून येत नाही.

वजन कमी करायचंय. रिकाम्या पोटी केलं तर चरबी जास्त जळते ना?

त्या तासात, हो. रिकाम्या पोटी इन्शुलिन खाली असतं आणि शरीर चरबी जास्त वापरतं. पण वजन तासावर ठरत नाही. सकाळी चरबी जास्त वापरलीत तर उरलेल्या दिवसात शरीर ती कमी वापरतं आणि हिशोब जुळवून घेतं. २०१४ साली अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांचे दोन गट केले. एक गट उपाशी व्यायाम करणारा, दुसरा खाऊन करणारा, आणि दोन्ही गटांना दिवसाचा आहार सारखाच कमी केलेला. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन आणि चरबी सारखीच घटली होती. अभ्यास छोटा होता, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून जे केल्याने व्यायाम नीट होतो आणि दिवसभर खा-खा सुटत नाही, ते करा. कार्ब्स कमी करायचेच असतील तर ते दुपारच्या आणि संध्याकाळच्या बसून असलेल्या वेळेतून करा. व्यायामाच्या दोन्ही बाजूंचे घास शेवटी कमी करा.

ठाणेकराचा आठवडा प्रत्यक्षात कसा दिसतो?

दिवसाला किलोमागे चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे २७० ग्रॅम कार्ब्स हा त्याचा सरासरी आकडा.

सोमवारी हात-छाती. रात्री नीट जेवलेला आहे, म्हणून चहा आणि दोन बिस्किटं घेऊन निघतो. बुधवारी पाय, म्हणजे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. घरातून निघताना केळं. मंगळवारच्या रात्री भाताची वाटी तो चुकवत नाही. शुक्रवारी पुन्हा जिम, सोमवारसारखंच. गुरुवारी इंटरव्हल. हा दिवस त्याला सगळ्यात त्रासाचा, कारण बुधवारच्या पायांच्या व्यायामाने साठा खाली आलेला असतो. म्हणून बुधवारी रात्री तो तिसरी पोळी खातो आणि पहाटे वॉर्म-अप करताना तीन खजूर तोंडात टाकतो. मंगळवार आणि शनिवार विश्रांती. तेव्हा पहाटेचं खाणं बंद आणि नाश्ताही थोडा लहान.

रविवारी १५ किलोमीटर. धावताना साधारण दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी लागते, म्हणजे त्याला हजारेक कॅलरी. मध्यम वेगात त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त कार्ब्समधून येतात असं धरलं तर १४० ग्रॅमच्या आसपास खर्च. स्नायूंत एवढं आहे, लिव्हरमध्ये नाही. म्हणून रविवारी तो अर्धा तास आधी उठतो, जॅम लावलेल्या दोन स्लाइस खातो, आणि दीड तासाच्या धावेत अर्ध्या तासापासून लिंबू-साखर-मिठाचं पाणी घेत राहतो. अर्धा लिटर पाण्यात आठ चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. हे आधी सरावात करून बघायचं असतं. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी नवं पोटात घालणारे बरेच जण मध्येच पोट धरून थांबलेले दिसतात.

त्रास कार्ब्समुळे होतोय की दुसऱ्या कशाने, हे कसं ओळखायचं?

त्रास कधी सुरू होतो ते बघा, बरंचसं तिथेच कळतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत थरथर आणि घाम येऊन मग आपोआप बरं वाटलं, तर खाण्याची वेळ चुकली. पाऊण तासानंतर डोकं जड, चिडचिड, लक्ष लागत नाही, पण पायात ताकद आहे, तर लिव्हरचा साठा संपत आलाय. पहाटे थोडं वाढवा. पहिल्याच सेटपासून मांड्या जड असतील तर कालचं एकूण खाणं किंवा झोप कमी पडली. तिथे पहाटेचं केळं काही करू शकत नाही.

वाकून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि क्षणात गेली, तर ते बहुधा पाणी-मीठ आणि रक्तदाबाचं काम. रात्रीत घामाने आणि श्वासाने पाणी गेलेलं असतं, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच. ग्लास-दीड ग्लास पाणी पिऊन निघावं. छातीत दुखणं, दम अडकणं किंवा शुद्ध हरपणं यांना यातलं काहीही लागू नाही. थेट डॉक्टर.

एकादशी किंवा नवरात्रात काय करायचं?

फराळाचा उपास असेल तर कार्ब्सची ददात नसते. साबुदाणा, रताळी, राजगिरा, वरी, केळी सगळी त्यातलीच. कमी पडतात ती प्रथिनं, म्हणून दूध, दही, ताक वाढवा. आदल्या रात्री जेवला असाल तर एकादशीच्या पहाटे नेहमीचा व्यायाम चालतो. निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरचा उपास असेल तर खरी काळजी दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची. तेव्हा साठा खरोखर खाली असतो. त्या दिवशी चालायला जा, जोराचं काम एक दिवस पुढे न्या.

मला मधुमेह आहे. हे सगळं मला लागू आहे का?

आकडे जसेच्या तसे नाहीत. सगळ्यात आधी कोणतं औषध चालू आहे ते बघा. फक्त मेटफॉर्मिन असेल तर व्यायामात साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता कमी असते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील तर ती शक्यता खरी आहे, आणि ती फक्त व्यायामापुरती नसते. स्नायू पुढेही साखर ओढत राहतात, त्यामुळे दुपारी किंवा अगदी रात्रीही ती खाली जाऊ शकते. पहाटेचा व्यायाम सुरू करण्याआधी डोस आणि खाणं डॉक्टरांकडून जुळवून घ्या.

या औषधांवर असाल तर निघण्याआधी बोटातून साखर तपासा. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कार्ब्स घ्या, मग निघा. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल, किंवा तपासणीत कीटोन निघत असतील, तर त्या दिवशी व्यायाम नको. काही जणांची साखर पहाटे हॉर्मोन्समुळे आपोआपच वाढलेली असते आणि जोराच्या सेटनंतर ती आणखी वर गेलेली दिसते. ते पाहून घाबरून नाश्ता बंद करू नका. आठवडाभर आधी, लगेच नंतर आणि दोन तासांनी असे आकडे लिहून ते डॉक्टरांना दाखवा.

खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखरेची पुडी कायम ठेवा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं असं झालं आणि साखर ७० च्या खाली निघाली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तरी खालीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. चॉकलेट किंवा लाडू यासाठी उपयोगाचे नाहीत, त्यातल्या तूप-चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. जिममधल्या निदान एका माणसाला तुमचं औषध आणि ती पुडी कुठे असते ते सांगून ठेवा.